टोपीतलं आणि टोपीबाहेरचं

रविवार, २१

घडलं ते असं.

१. काल संध्याकाळच्या प्रयोगाचा पहिला अंक अर्ध्यावर थांबला.
२. तो मी थांबवला.
३. थांबवण्यापूर्वी मी विदूषकाची टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली होती.
४. टोपी काढण्यापूर्वी समितीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत उभे राहून माझ्याशी बोलले होते.
५. चौथ्या मुद्द्यापर्यंत प्रेक्षक हसत होते.
६. दिव्यांचा बार खाली उतरवला. कुणाला इजा नाही.
७. नाट्यगृह समितीने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे.

मी या नाट्यगृहात दिवे आणि यंत्रं सांभाळते. विदूषक हे माझं काम नाही. खुलासा लिहिण्याआधी मागची पानं पुन्हा वाचून काढली. त्यांत हसण्यासारखं काही सापडलं नाही. ती अशी:

सोमवार, ८

रंगमंचाच्या वरचा मधला बार खाली घेऊन तपासला. तो तीन पोलादी दोरांवर लटकतो. दोरावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवायचा. तार तुटलेली असेल तिथे कापूस अडकतो. मधल्या दोरावर बोळा इतक्या ठिकाणी अडकला की शेवटी हातात काडीएवढाच उरला. तुटलेल्या तारा सगळ्या एकाच पट्ट्यात आहेत, जिथे दोर कप्पीवरून वळतो तिथे. असा दोर दुरुस्त करत नाहीत, बाद करतात.

त्यात बारवर अध्यक्षांनी भेट दिलेले नवे दिवे चढलेत. प्रत्येकावर त्यांचं नाव कोरलेली पितळी पट्टी आहे. जुन्या दिव्यांच्या जवळजवळ दुप्पट वजन.

आणि बारच्या बरोबर खाली राजाचं सिंहासन.

व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, शनिवारी शुभारंभ आहे. अध्यक्ष स्वतः येणार. त्यांचेच दिवे खाली ठेवून काय त्यांना बॅटरी दाखवायची?"

"दोर तुटेल."

"आजवर तुटलाय का?"

कुठलाही दोर पहिल्यांदाच तुटतो.

बार खालीच ठेवून आले.

मंगळवार, ९

बार वर आहे. बार वर-खाली करायच्या चक्राला कुलूप आहे. किल्ली व्यवस्थापकांच्या खिशात. "समितीचा निर्णय आहे. हंगाम संपल्यावर बघू," म्हणाले.

मामाला सांगितलं. नाटकमंडळी त्याची, दिग्दर्शन त्याचं आणि विदूषकही तोच. दुसरं नाट्यगृह मिळत नाही, भांडलो तर हेही जाईल, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही. तो जाऊन सिंहासनापाशी उभा राहिला. मग म्हणाला, "सिंहासन जरा पुढे घेऊ."

"मामा, हा उपाय नाही."

"बाळा, उपाय नाहीच. ही सोय आहे."

पुढे घेतलं. दुपारी व्यवस्थापकांनी ते पुन्हा मागे नेलं. पितळी पट्ट्यांचा उजेड राजाच्या मुकुटावर पडला पाहिजे, असा अध्यक्षांचा आग्रह आहे म्हणे.

गुरुवार, ११

मामाचा आवाज गेला.

काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता. आज सकाळी पाटी आणि खडू घेऊन हजर. पाटीवर: "घसा बसला. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस मौन." कुठले डॉक्टर, विचारलं. पाटी पुसून लिहिलं: "चांगले."

मामीला विचारलं, फार दुखतंय का त्याला? तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. काळजी वाटत असणार. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. बहुतेक साथच आहे.

आता प्रश्न विदूषकाचा. सगळे संवाद तोंडपाठ असलेली मी एकटी, कारण तालमीत पडद्यामागून वाक्यं सांगायला मीच बसते. मामाने पाटी माझ्यापुढे धरली: "तू."

मी नाही म्हटलं. कारणं दिली: मला विनोद येत नाही, मी मुलगी आहे, दिवे कोण बघणार?

पाटी: "१. उत्तम. २. जग बदललं. ३. मी."

दिव्यांचा क्रम बोर्डात भरून ठेवलेला आहे, नुसतं बटण दाबायचं असतं. त्याला बोलावं लागणार नाही. तिसऱ्या कारणापुरतं त्याचं बरोबर आहे.

शनिवार, १३

पाटीवर शिकवणी. खडू संपला की मामी नवा आणून देते आणि "लिहा, लिहा, मौनी बाबा" म्हणते.

आजचं, नीट मांडून:

जुन्या संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, विदूषक प्राकृत, म्हणजे लोकांची भाषा. ब्राह्मण असूनही. मामाच्या नाटकात त्याची नक्कल अशी की राजा जडजड शब्दांत बोलतो आणि विदूषक त्याचा अर्थ सांगतो. अर्थ सांगता सांगता काय घुसडायचं ते विदूषकाचं तो बघतो.

राजाला सगळे "महाराज" म्हणतात. "वयस्य" म्हणजे मित्रा, असं फक्त विदूषक म्हणतो.

तो कुबडा, दात पुढे आलेला, टक्कल असलेला. हातात वाकडी काठी. हसं तीन वाटांनी येतं: अंगाने, बोलण्याने, वेषाने. आमच्याकडे टोपीवर तीन तुरे शिवलेत, कावळ्याच्या पायासारखे. जुन्या विदूषकाच्या डोक्यावर केसांचीच तशी ठेवण असे.

विचारलं, "त्याला खरं बोलायचा परवाना कोण देतं? राजा?"

पाटीवर बराच वेळ खडू चालला. "कुणी देत नाही. तो हप्त्याहप्त्याने कमवायचा. एक: आधी स्वतःचं हसं करायचं. दोन: ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर हवा, पाठीमागे बोलली ती चहाडी. तीन: स्वतःसाठी काही मागायचं नाही, गोड खाणं सोडून. मागितलं की तो अर्जदार झाला. अर्जदाराला कोण हसतं?"

मी म्हटलं, या तर अटी झाल्या. भार किती पेलेल त्याचं गणित कुठे आहे?

मामाने पाटी पालथी ठेवली आणि छताकडे पाहिलं.

आंघोळीला गेला तेव्हा मोरीतून गाण्यासारखं काही ऐकू आलं. मामी म्हणाली, "नळाचा आवाज आहे गं. वॉशर गेलाय." संध्याकाळी वॉशर पाहिला. चांगला होता. तरी नवीन बसवून दिला.

सोमवार, १५

तालीम. मी वाक्यं बरोबर म्हटली. कुणी हसलं नाही.

राजाचं काम करणारा बाकीच्या वेळी शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणाला, "तुम्ही विनोद सांगताना निकाल वाचून दाखवता."

"मग कसा सांगू?"

"नका बदलू. मला आवडतं."

मला हे मत उपयोगाचं वाटलं नाही. परतताना तो माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत आला. त्याचं घर उलट्या दिशेला आहे. भूगोलाच्या शिक्षकाला दिशा कळत नसतील असं नाही. तिकडे काही काम असावं.

दोराबद्दल त्याला स्पष्ट सांगितलं. तुम्ही त्याच्या खाली बसता, म्हणून. तो घाबरला, पण नीट घाबरला. कुठे बसलं तर चालेल ते विचारलं. मी म्हटलं, पडद्याच्या रेषेपर्यंत या. तो म्हणाला, "सिंहासनासकट?"

बुधवार, १७

रंगीत तालीम. निमंत्रित शंभरेक, व्यवस्थापक पहिल्या रांगेत.

खेळाच्या आधी तिघांचं बोलणं असतं: सूत्रधार, त्याचा मदतनीस आणि विदूषक. कथा अजून सुरू झालेली नसते, म्हणून विदूषक अर्धा नाटकातला आणि अर्धा प्रेक्षकांतला. तिथे आजच्या गोष्टी बोलायला मोकळीक. मामाने पाटीवर लिहिलं होतं: "इथे बोल. मापात."

मी सूत्रधाराला म्हटलं, "मला आत बोलावू नका. वरचा मधला दोर तुटत आलाय. डोक्यावर पडलं तर टक्कल पडेल, आणि विदूषकाला टक्कल आधीच असतं, वाया जाईल."

हशा झाला. पहिल्यांदाच. मला वाटलं, चला, समजलं.

प्रयोगानंतर व्यवस्थापक आत आले. डोळ्यांतून पाणी पुसत होते. "वा! त्या तुटक्या दोराचा विनोद फार झकास! शनिवारी ठेवाच. अध्यक्ष खूश होतील!"

"तो विनोद नव्हता."

ते आणखी हसले. "हे बघा, हे! चेहरा तर असा ठेवतात!"

मी तिथेच उभी राहिले. आठ तारखेला साधं वाक्य बोलले तेव्हा त्यांनी ते ऐकलं तरी होतं. आता तेच वाक्य टोपी घालून बोलले आणि ते कायमचं विनोदात जमा झालं. परवान्याने काम केलं नाही असं नाही. परवान्याने नेमकं त्याचं काम केलं: मला काही होणार नाही, आणि कुणी काही करणारही नाही.

टोपी उतरवून मामाच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "तुझा विदूषक हा कुलूप लावलेला दरवाजा आहे. वर नुसतं रंगवलंय, आत या."

मामा हसला नाही. त्याचा चेहरा मी बराच वेळ पाहिला. तीस वर्षं तो ही टोपी घालतो.

गुरुवार, १८

मामी म्हणाली, "अगं, चिडलीस ना त्याच्यावर? तो रात्रभर कूस बदलत होता."

आज पाटीवर एक नवीन अट. म्हणजे जुनीच, पण त्याने शनिवारी सांगितली नव्हती.

"एका जुन्या परंपरेत विदूषक समोर बसलेल्या कुणाचीही टर उडवू शकतो. राजाची सुद्धा. पण ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. दिलं, तर विदूषकाने शिरपेच उतरवायचा. खेळ तिथेच संपला. त्या ठिकाणी पुन्हा खेळ नाही."

"म्हणजे अपमान झाला म्हणून?"

"म्हणजे करार मोडला म्हणून. तो टोपीशी बोलायचं सोडून माणसाशी बोलला. मग टोपी कशाला?"

हे मला पटलं. हे पहिलंच कलम, ज्यात काय झाल्यावर काय करायचं ते नीट दिलंय.

"आणि टोपी काढल्यावर जे बोलेल ते?"

"ते साधं बोलणं. त्याला परवाना नाही. म्हणून ते खरं धरतात."

मग त्याने एक दुरुस्ती सुचवली. शनिवारी अध्यक्षांवर दिव्यांचे विनोद होणारच आहेत. दिवे देणाऱ्याबद्दल "चांगलेच दिवे लावले" म्हटल्याशिवाय कुठला विदूषक राहील? तेव्हा शेवटी त्यांना जरा मान द्यावा. पाटी: "म्हण, त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नसेल. मोठ्या माणसांना कोण सांगतं?"

हे मला आवडलं. त्यात न्याय आहे. अध्यक्षांना खरंच कुणी सांगितलं नसण्याची शक्यता आहेच. मामा इतका चांगला विचार करेल असं वाटलं नव्हतं, थोडी शरमले.

पाटी पुसताना त्याचा पाय टेबलावर आपटला आणि तो मोठ्याने ओरडला. शब्द इथे लिहीत नाही. स्पष्ट होता. औषधाचा गुण येतोय असं दिसतं.

शनिवार, २०

दुपारी. अजून सहा तास आहेत. राजाला म्हटलं, आज बसू नका. म्हणाला, "तुम्ही शेजारी उभ्या राहणार ना?" मी म्हटलं, विदूषक पुढे असतो, बारखाली नाही. "मग मीही येतो पुढे. हळूहळू."

मामा आज बोर्डापाशी बसणार नाही म्हणतो. मामीला बसवलंय, बटण तर दाबायचंय. तो विंगेत, चक्राजवळ उभा राहणार. का, ते लिहिलं नाही.

रविवार, २१, दुपार

कालचं आता सविस्तर.

आधी मी स्वतःचं हसं करून घेतलं: काठी वाकडी, चाल वाकडी, आणि बक्षिसात गोड मागितलं. हप्ते भरले. मग दिवे.

"सूत्रधार, आज आपल्याकडे असे पाहुणे आलेत की त्यांनी आपल्या नाट्यगृहात दिवे लावलेत."

अध्यक्षांनी हात जोडले.

"अगदी चांगलेच दिवे लावलेत."

मागच्या रांगांना आधी कळलं. मग पुढच्यांना. अध्यक्षही हसले, जरा उशिरा.

खेळ सुरू झाला. राजा सिंहासनावर. पहिलं भाषण: "हे वयस्य! पाहा हे तेजोमय नभोमंडल, जे मम मस्तकी अधिष्ठित आहे!" आणि "अधिष्ठित" म्हणताना त्याने सिंहासन टाचेने पुढे रेटलं.

"आमचे वयस्य म्हणतात, वर दिवे आहेत."

"ज्यांची कीर्ती पितळेत कोरली आहे!" आणखी थोडं पुढे.

"नाव नवीन आहे. दोर जुना आहे. वयस्य, नावाला वजन असतं हे मला आजच कळलं."

हशा. व्यवस्थापक विंगेतून हाताने "मागे, मागे" करत होते. राजाने ते नमस्कार समजून परत नमस्कार केला आणि वाक्यागणिक पुढे येत राहिला. शेवटी सिंहासन पडद्याच्या रेषेवर आलं. लोकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग, टाळ्या पडल्या. अध्यक्षांचा चेहरा आता हसरा नव्हता.

म्हणून मी ते मान देणारं वाक्य म्हटलं. राजाकडे वळून, सौम्य आवाजात. "रागावू नका, वयस्य. अध्यक्षांचा यात काय दोष? त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नसेल. मोठ्या माणसांना कोण काय सांगतं? त्यांना नुसतं बोलावतात आणि बसवतात."

प्रेक्षागृह फुटलं. एवढं का, मला अजून कळलेलं नाही.

अध्यक्ष उभे राहिले. "मला माहीत नाही म्हणजे काय? मला सगळं माहीत असतं! मला सांगितलंय दोराचं, गेल्याच आठवड्यात सांगितलंय! हंगाम संपल्यावर बदलणार आहोत! मीच ठरवलंय!"

हसू थांबलं. एखादा पंखा बंद केल्यावर थांबतं तसं, थोडं फिरून.

त्यांनी उत्तर दिलं होतं. कलम स्पष्ट होतं. मी टोपी काढली.

म्हटलं, "मधल्या दोराच्या तारा तुटल्या आहेत. सगळ्यांनी बारखालून बाजूला व्हा. बार खाली घ्या."

कुणीही हसलं नाही. राजा उठला आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. माणसं हटली. मग चक्र फिरू लागलं. मामा फिरवत होता. कुलपाची किल्ली त्याच्याकडे कशी आली ते विचारायचं राहून गेलं.

बार कमरेच्या उंचीपर्यंत खाली आला तेव्हा कप्पीपाशी आवाज झाला आणि दोराच्या आणखी काही तारा उसवून बाहेर आल्या, फाटक्या बाहीसारख्या. पहिल्या तीन रांगांनी ते डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं अंतर बार हळूच खाली बसला.

मग खेळ संपला असं मी जाहीर केलं. मामाने सांगितलेला नियम तसाच आहे.

सोमवार, २२

समितीचा निरोप व्यवस्थापक घेऊन आले. सगळा प्रकार विनोद होता असं मी लेखी दिलं, तर अध्यक्ष मोठ्या मनाने विसरतील आणि मंडळींना नाट्यगृह मिळत राहील. नाहीतर नाही.

म्हणजे मंडळींची जागा माझ्या एका शब्दावर. मामाला विचारलं, काय करू?

तो बोलला. तोंडाने. आवाज खणखणीत. मी म्हटलं, पंधरा दिवस व्हायचे होते ना? म्हणाला, "डॉक्टर चांगले होते." मामीने पुन्हा पदर तोंडाला लावला, तिला मात्र अजून बरं वाटत नाही.

"तूच का नाही बोललास शनिवारी?" मी विचारलं. "आजारी नसतास तर."

तो टोपीचे तुरे सरळ करत होता. "माझं काय गं. मी टोपी काढली तरी लोक हसतात. तीस वर्षांत तेवढंच कमावलं. तुझ्याकडे बघून मात्र टोपी घातली तरी कुणाला हसू येईना." मग म्हणाला, "काय ते खरं लिही. नाट्यगृहं पुष्कळ."

नाहीत. हे त्यालाही ठाऊक आहे. पण राजा म्हणतो, शाळेचं सभागृह आहे, छत साधं आहे, वर काही लटकत नाही; आणि मला घ्यायला तो उद्या येईल. मी म्हटलं, उलट्या दिशेला पडेल. तो म्हणाला, भूगोल त्याचा विषय आहे.

खुलासा लिहून झाला. प्रत इथे:

"नाट्यगृह समितीस,

शनिवारच्या प्रयोगाबाबत खुलासा मागितला, तो देत आहे.

टोपी डोक्यावर असताना मी जे बोलले ते विनोद होते. सन्माननीय अध्यक्षांनी चांगलेच दिवे लावले, हा विनोद होता. त्यांना काही माहीत नसेल, हाही विनोद ठरला. ते त्यांनी स्वतः उभे राहून सांगितले. हे विनोद मी मागे घेत नाही, कारण ते घेता येत नाहीत.

टोपी काढल्यावर मी दोराविषयी बोलले, माणसे हटवून बार खाली घ्यायला सांगितले आणि खेळ संपल्याचे जाहीर केले. त्यात विनोद नव्हता.

दोर बदलेपर्यंत बार वर नेऊ नये. नवा दोर आणि कप्पी कधी बसवणार व तपासणी कोण करणार, ते शुक्रवार, २६ तारखेपर्यंत लेखी कळवावे.

तंत्रज्ञ
(टोपीशिवाय)"